टिपणात एक, इतिवृत्तात भलतंच: त्रोटक नोंदींची पूर्ण वाक्यं करताना रक्कम आणि तारीख कुठे बदलते?

मी तीन गृहनिर्माण संस्थांचं लिखापढीचं काम पाहते. कमिटीची सभा चालू असताना लॅपटॉपवर भराभर टिपणं घ्यायची, मग एक-दोन दिवसांत त्यांची पूर्ण वाक्यं करून इतिवृत्ताचा मसुदा सचिवांकडे द्यायचा, असं हे काम. यात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायला घेतलं की कुणीतरी म्हणतं, "हे असं ठरलं नव्हतं." किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणीच काही म्हणत नाही, आणि चूक महिनाभराने हिशेबात सापडते.

टायपिंगची चूक असेल तर ती लगेच दिसते. ही चूक दिसत नाही, कारण वाक्य शुद्ध असतं, आकडा टिपणातलाच असतो, तारीखही टिपणातलीच असते. तरीही अर्थ बदललेला असतो. तो कुठे बदलतो हे शोधायला मला बराच काळ लागला, म्हणून एक प्रसंग तपशिलाने सांगते.

सभा होती रविवारी, ४ ऑगस्ट २०२४ रोजी. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय होता. माझं टिपण असं:

टाकी गळती – कोटे ३ – १.८५ / १.६२ / २.१० – मधले – गॅरंटी ५ – ॲड ३०% – १५ पर्यं – गणपतीआधी

दोन दिवसांनी मी त्याचं केलेलं वाक्य असं:

"टाकीच्या गळतीच्या दुरुस्तीसाठी तीन कोटेशने प्राप्त झाली. त्यांपैकी रु. १,६२,०००/- चे कोटेशन मंजूर करण्यात आले. ठेकेदारास ३० टक्के ॲडव्हान्स देऊन काम १५ तारखेपर्यंत, गणपतीआधी, पूर्ण करून घेण्याचे ठरले."

वाचायला काहीच खटकत नाही. टिपणातला प्रत्येक आकडा वाक्यातही दिसतो असं वरवर पाहता वाटतं. महिनाअखेरीस खजिनदारांनी व्हाउचर जुळवताना फोन केला. ॲडव्हान्सचा चेक १४ ऑगस्टला ५५,५०० रुपयांचा गेला होता. इतिवृत्ताप्रमाणे १,६२,००० चे ३० टक्के म्हणजे ४८,६०० व्हायला हवे होते. वरचे ६,९०० कुठले?

पैसे बरोबर गेले होते, कागद चुकला होता. कमिटीने १,८५,००० चं कोटेशन घेतलं होतं आणि त्याचे ३० टक्के बरोबर ५५,५०० होतात. "मधले" हा शब्द सभेत अध्यक्षांनी रकमेच्या हिशेबाने वापरला होता: सगळ्यांत स्वस्त नको, सगळ्यांत महागही नको, मधलं घेऊ. मी मात्र टिपण उघडलं तेव्हा तीन आकडे ओळीत होते आणि ओळीतला मधला आकडा १.६२ होता. योगायोगाने तोच सगळ्यांत कमी रकमेचा होता, त्यामुळे "स्वस्तातलं घेतलं असणार" असं मनानेही दुजोरा दिला. सभेत मी स्वतः हजर होते, तरी दोन दिवसांनी मला आवाज आठवला नाही, समोरचा आकडाच दिसला.

दुसरी चूक "१५ पर्यं" मध्ये होती. पंधरा तारखेपर्यंत ॲडव्हान्स द्यायचा होता. काम गणपतीआधी संपवायचं होतं, आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. मी दोन्ही मुदती एकाच वाक्यात कामाला जोडल्या. ठेकेदाराने ते इतिवृत्त पाहिलं असतं तर टाकीचं काम ११ दिवसांत कसं होणार म्हणून भांडलाच असता. आणि "गॅरंटी ५" तर मी गाळूनच टाकलं होतं, कारण पाच काय ते मला आठवत नव्हतं. महागडं कोटेशन घेण्याचं कारण नेमकं तेच होतं. स्वस्त ठेकेदार दोन वर्षांची हमी देत होता, हा पाच वर्षांची.

मूळ कारण: मराठी वाक्याचं शेपूट

हे निस्तरल्यावर मी जुनी टिपणं आणि त्यांची इतिवृत्तं शेजारी ठेवून बघितली. चुका एकाच जागी जमलेल्या दिसल्या. घाईत लिहिताना आपण शब्दाचं पुढचं टोक ठेवतो आणि मागचं टोक कापतो: "पर्यं", "ऑक्टो", "थक", "मं". आणि वाक्यातलं शेवटचं क्रियापद तर जवळपास नेहमीच गळतं. पण मराठीत कोणी, कोणाला, कधीपासून, कधीपर्यंत हे सगळं शब्दाच्या मागच्या टोकाला लागलेलं असतं, आणि झालं, होणार, व्हावं की व्हायचं ठरलं हे वाक्याच्या मागच्या टोकाला असतं. म्हणजे अर्थ ज्या शेपटात आहे तेच आपण कापतो. पूर्ण वाक्य करताना ते शेपूट परत लावावंच लागतं, कारण त्याशिवाय वाक्य होतच नाही. आठवत नसेल तर हात जे सवयीचं आहे ते लावून मोकळा होतो.

त्याच सभेतली दुसरी नोंद घ्या:

बी-३०४ थक १८४०० – व्याज २१ – हप्ते ३ – ऑक्टो

हप्ते ऑक्टोबरपासून की ऑक्टोबरपर्यंत? सभा ऑगस्टमध्ये झाली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे तीन महिने होतात. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हेही तीनच. दोन्ही वाचनं चोख बसतात, म्हणून इथे तर्क चालवून उपयोग नाही. "तीन हप्ते आहेत म्हणजे…" असा विचार सुरू झाला की थांबायचं. जो तर्क दोन्हीकडे लागू पडतो त्याने काहीच सिद्ध होत नाही, फक्त आपल्याला खात्री वाटायला लागते.

तीन हप्ते म्हटल्यावर भागाकार करायचा मोहही होतो. "प्रत्येकी रु. ६,१३३/- च्या तीन समान हप्त्यांत" असं लिहिलं की वाक्य भरीव दिसतं. पण ६,१३३ गुणिले तीन म्हणजे १८,३९९. एक रुपया गेला, आणि "समान" हा शब्द तर टिपणात नव्हताच. त्या सभासदाने पहिला हप्ता मोठा देण्याचं कबूल केलं असेल, कुणाला माहीत. सभेत जो आकडा उच्चारला गेला नाही तो इतिवृत्तात येता कामा नये, मग तो हिशेबाने कितीही बरोबर असो.

"व्याज २१" ची गोष्ट जरा वेगळी आहे आणि इथे जाणकार माणूसच जास्त चुकतो. गृहनिर्माण संस्थांच्या त्या वेळच्या आदर्श उपविधींत थकबाकीवर जास्तीत जास्त दरसाल २१ टक्के सरळव्याज घेण्याची तरतूद होती, हे या कामातल्या बहुतेकांना पाठ असतं. त्यामुळे "उपविधीनुसार द.सा. २१ टक्के दराने सरळव्याज आकारण्यात यावे" असं वाक्य हातातून आपोआप उतरतं. पण सभेत काय झालं होतं? १८,४०० मध्ये व्याज धरलेलं होतं की ते वर लागणार होतं? हप्ते पडेपर्यंत व्याज चालू राहणार होतं की थांबवलं होतं? माझ्या वाक्याने हे प्रश्न झाकले गेले. नियम माहीत असणं वेगळं आणि त्या दिवशी त्या खोलीत काय ठरलं हे माहीत असणं वेगळं. नियमातून आलेला शब्द टिपणातून आल्यासारखा लिहिला तर वाचणाऱ्याला फरक कळायला मार्गच उरत नाही.

"ठरले" हा शब्द सगळ्यांत जास्त नडतो

रकमेनंतर सगळ्यांत जास्त भांडणं याने होतात. टिपणात "सीसीटीव्ही जिना – २ कॅमेरे" एवढंच असतं. कुणी सुचवलं असेल, कुणी मागणी केली असेल, किंवा कमिटीने खरंच मंजुरी दिली असेल. इतिवृत्ताची आपली एक ठरीव भाषा आहे, "करण्यात आले", "घेण्याचे ठरले", आणि तिच्या ओघात प्रत्येक सूचना निर्णय होऊन बसते. मग पुढच्या महिन्यात सचिव कॅमेरे बसवून घेतात आणि खजिनदार विचारतात की याला सूचक कोण, अनुमोदक कोण.

तसंच "म्हणे" या शब्दाचं. माझं टिपण होतं: "ए-१०२ म्हणे बी-२०१ गाडी गेटसमोर – बोलायचे". सुरुवातीच्या काळात मी याचं सरळ "बी-२०१ चे सभासद गेटसमोर गाडी लावतात" असं केलं असतं. एक "म्हणे" गळला की जे केवळ एका सभासदाचं म्हणणं होतं ते माझ्या वाक्यात संस्थेने मान्य केलेलं सत्य झालं असतं. ज्याच्यावर आरोप आहे तो तिथे हजरही नव्हता. "बी-२०१ चे सभासद गेटसमोर गाडी लावतात, अशी तक्रार ए-१०२ च्या सभासदांनी केली" असं लिहिलं की म्हणणं कुणाचं आहे ते जागेवर राहतं.

"बोलायचे" मध्ये मात्र मराठी आपल्याला मदत करते. कोण बोलणार हे टिपणात नाही, आणि "याबाबत बी-२०१ च्या सभासदांशी बोलायचे ठरले" हे वाक्य कर्त्याशिवाय नीट उभं राहतं. तिथे "सचिवांनी" घालायची गरज नाही. जिथे भाषा जागा रिकामी ठेवू देते तिथे ती रिकामीच ठेवावी. अट एवढीच, की ते खरोखर ठरलं होतं हे विचारून घेतलेलं असावं.

ऐकताना होणारे घोळ

काही चुका वाक्य करताना होत नाहीत, टिपण घेतानाच होतात, आणि नंतर कितीही काळजीपूर्वक वाक्य केलं तरी त्या राहतातच. त्यांतली मला सगळ्यांत धोक्याची वाटते ती "साडे-सव्वा-पावणे" ची. घड्याळाची सवय हाताला इतकी असते की "साडेतीन" ऐकलं की बोटं ३.३० टाइप करतात. वेळ असेल तर बरोबर. पण साडेतीन लाख म्हणजे ३.५०. सव्वा वाजता म्हणजे १.१५, सव्वा लाख म्हणजे १.२५. पावणेदोन वाजता १.४५, पावणेदोन लाख १.७५. टिपणात ३.३० पडलं की दोन दिवसांनी मी त्याचे इमानदारीने ३,३०,००० करणार, आणि वीस हजार कुठे गेले ते कुणालाच कळणार नाही. आता मी अशा वेळी शब्दच टाइप करते: "साडेतीनला". दोन अक्षरं जास्त लागतात, पण जे ऐकलं तेच राहतं.

"परवा" हाही तसाच. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा यांना आपल्याकडे एकच शब्द आहे. "लिफ्ट परवा बंद" म्हणजे परवा बंद पडली होती की परवा दुरुस्तीसाठी बंद राहणार आहे? बोलताना क्रियापद ते सांगतं, आणि टिपणात क्रियापद नसतं. त्यामुळे काल, उद्या, परवा, पुढचा सोमवार असं काही ऐकलं की तिथल्या तिथे तारीख लिहायची, आणि महिना अक्षरांत: "६ ऑग". ३/४ असं लिहिलं तर ३ एप्रिल, मार्चची ४ तारीख, पाऊण हिस्सा, नाहीतर तीन-चार माणसं, यांपैकी काहीही वाचता येतं. एक्सेलमध्ये सदनिकांची यादी करत असाल तर अजून एक: कोरा कॉलम आधी "टेक्स्ट" करून घ्या, नाहीतर ५ नंबरच्या इमारतीतली १२ नंबरची सदनिका म्हणून 5/12 टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं.

आणि "एकोण". एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी या तिघांत ऐकणारा हमखास दहाने घसरतो. मराठीत एकक आधी बोलतो, त्यामुळे "बावन्न" ऐकून बोटं आधी दोनवर जातात आणि २५ पडतं, हेही मी अनेकदा पाहिलं आहे. सभेतच "पाच-दोन ना?" असं विचारायला मी आता लाजत नाही.

मी काय बदललं

टिपण घेताना आता मी शब्दाचं डोकं कापते आणि शेपूट ठेवते. "ऑक्टोपा" म्हणजे पासून, "ऑक्टोप" म्हणजे पर्यंत, अशी खूण आधी केली होती. ती वाईट निघाली, कारण एका कान्याचा फरक घाईत पडतो किंवा गळतो. आता सुरुवातीला आडवा बाण आणि मग महिना म्हणजे पर्यंत, आधी महिना आणि मग बाण म्हणजे पासून. दोन्ही खुणा एकमेकींसारख्या दिसत नाहीत, हे महत्त्वाचं.

क्रियापदासाठी चारच खुणा आहेत आणि त्या ओळीच्या शेवटी येतात: "ले" म्हणजे झालेली गोष्ट, "ठ" म्हणजे ठरलं, "सू" म्हणजे कुणीतरी सुचवलं, "आ" म्हणजे कुणीतरी आश्वासन दिलं. खूण नसलेली ओळ दिसली की ती सभा संपण्याआधी विचारून घ्यायची. पूर्वी मी "सू" ही खूण सूचक या अर्थीही वापरत असे. "मं" मंजूर आणि मंगळवार दोन्हींसाठी होता, "स" तर सभासद, सचिव, सभा आणि सकाळ यांच्यासाठी. एका खुणेला एकच अर्थ, हे करायलाच लागतं. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये मी "मं" चं "मंजूर करण्यात आले" करून ठेवलं होतं आणि "मं ६ ऑग" चं "मंजूर करण्यात आले ६ ऑग" झालं होतं. संगणक विचारत नाही, म्हणून त्याला दिलेली खूण अशी हवी की ती दुसरीकडे कधीच येणार नाही. मी आता अशा खुणांच्या आधी दोन अर्धविराम घालते.

रक्कम पूर्ण शून्यांसह. १.८५ नाही, १८५०००. स्वल्पविराम नंतर घालता येतो.

वाक्य करायला बसले की मूळ टिपणाची फाईल मी हात न लावता तशीच ठेवते आणि तिची प्रत घेऊन काम करते. जिथे टिपण काही सांगत नाही तिथे वाक्यात चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालते आणि पुढे जाते. ही सवय लागायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण अर्धवट वाक्य सोडून पुढे जाणं हाताला बोचतं. पण आत्ता अंदाजाने भरलेला शब्द आणि खरोखर टिपणात असलेला शब्द अर्ध्या तासाने सारखेच दिसतात. वरच्या थकबाकीच्या नोंदीचा मसुदा आज मी असा लिहीन:

"बी-३०४ च्या सभासदांकडील थकबाकी रु. १८,४००/- [? यात व्याज धरले आहे का] तीन हप्त्यांत भरण्याबाबत [? ठरले / सभासदाने सांगितले] . हप्ते ऑक्टोबर [? पासून / पर्यंत] . व्याज २१ [? टक्के, हप्त्यांच्या काळात लागू का]."

चार प्रश्न झाले. सचिवांना एकच फोन करायचा, आणि प्रश्न दोन पर्याय देऊन विचारायचा: "ऑक्टोबरपासून की ऑक्टोबरपर्यंत?" "ऑक्टोबरपासूनच ना?" असं विचारलं तर समोरचा कामाच्या घाईत "हो हो" म्हणतो, आणि आपलाच अंदाज आपल्याला शिक्का मारून परत मिळतो. त्या दिवशी मला उत्तर मिळालं: १८,४०० ही व्याजासह रक्कम, हप्ते ऑक्टोबरपर्यंत, आणि तीन हप्त्यांचं सभासदाने स्वतः सांगितलं, कमिटीने ते मान्य केलं. हप्ता चुकला तर थकीत रकमेवर २१ टक्के दराने व्याज पुन्हा सुरू. ही शेवटची अट माझ्या टिपणातल्या "व्याज २१" मधून मला जन्मात काढता आली नसती.

कोटेशनसारख्या नोंदीत फोनच्याही आधी कागद बघायचा. १.८५ म्हणजे एक लाख पंच्याऐंशी हजार, हे ठेकेदाराच्या कोटेशनवर लिहिलेलं असतं. जीएसटी धरून की वगळून, तेही तिथेच कळतं. कागद हाताशी असताना आठवणीवर विसंबायचं कारण नाही.

तपासणी

आकडे जुळवण्याची तपासणी मी पूर्वीही करत होते: टिपणातल्या प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीने खूण, मग इतिवृत्तात तोच आकडा शोधून तिथेही खूण. दोन्हीकडे एकही आकडा बिनखुणेचा राहता कामा नये. टाकीच्या नोंदीत ही तपासणी मी नीट केली असती तर १.८५, २.१० आणि गॅरंटीचा ५ हे तिन्ही बिनखुणेचे दिसले असते. मी फक्त इतिवृत्ताकडून टिपणाकडे गेले होते, त्यामुळे वाक्यात जे होतं ते सगळं टिपणात सापडलं. जे गळलं ते उलट दिशेनेच कळतं. दोन्ही दिशांनी करा.

पण या तपासणीने "मधले" पकडलं नसतं, हे मान्य करायला हवं. आकडा टिपणातलाच होता, फक्त चुकीच्या गोष्टीला चिकटला होता. त्यासाठी मी आता उलट परीक्षा करते. मसुदा झाला की दुसऱ्या दिवशी टिपण झाकून ठेवायचं आणि मसुद्यातल्या वाक्यावरून पुन्हा त्रोटक टिपण लिहायचं. माझ्या चुकलेल्या वाक्याचं असं टिपण केलं असतं तर ते "१.६२ ठ – ॲड ३०% – काम १५ पर्यं" असं आलं असतं. मूळ टिपणाशेजारी ठेवल्यावर "काम" हा शब्द नवा आहे आणि "मधले" हा शब्द गायब आहे, हे लगेच दिसतं. नवा आलेला आणि गायब झालेला प्रत्येक शब्द कुठून आला, कुठे गेला, याचं उत्तर देता आलं पाहिजे. दुसऱ्या कुणाकडून हे टिपण करून घेतलं तर फारच उत्तम. माझी मुलगी कधी कधी करून देते, आणि तिला सभेतलं काहीच माहीत नसल्यामुळे ती माझ्यापेक्षा जास्त पकडते.

या परीक्षेला वेळ लागतो. दहा विषयांच्या सभेला पाऊण तास तरी जातो. सगळ्या नोंदींसाठी जमत नसेल तर पैसे, मुदत आणि कुणाविरुद्ध तक्रार, एवढ्यांसाठी करावी. आभारप्रदर्शनाच्या वाक्यासाठी नाही केली तरी चालेल.

चूक आधीच गेली असेल तर

इतिवृत्त सभासदांकडे गेलं असेल, आणि कायमही झालं असेल, तर फाईल उघडून आकडा बदलू नका. माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं. पण लोकांकडे एक प्रत, दप्तरात दुसरी, असं झालं की पुढे दोन्हींवरचा विश्वास जातो. आम्ही १ सप्टेंबरच्या सभेत मागील इतिवृत्त वाचताना दुरुस्ती नोंदवून घेतली: "दि. ४ ऑगस्ट २०२४ च्या सभेच्या इतिवृत्तात टाकीच्या वॉटरप्रूफिंगच्या विषयात मंजूर कोटेशनची रक्कम रु. १,६२,०००/- अशी नोंदली गेली आहे. ती रु. १,८५,०००/- अशी वाचावी. १५ ऑगस्टची मुदत ॲडव्हान्स देण्यासाठी असून काम गणेशोत्सवाआधी पूर्ण करावयाचे आहे. ठेकेदाराने पाच वर्षांची हमी दिली आहे." चुकीचा आकडा आणि बरोबर आकडा दोन्ही लिहिले, म्हणजे पुढे ऑडिटरने ५५,५०० चं व्हाउचर हातात घेतलं तरी त्याला साखळी सापडते.

कधी कधी सचिव एक सांगतात आणि खजिनदार दुसरं, दोघंही सभेत होते आणि दोघंही प्रामाणिक असतात. अशा वेळी निवाडा करणं टिपण घेणाऱ्याचं काम नाही. मी मसुद्यात दोन्ही पर्याय कंसात ठेवून तो तसाच कमिटीपुढे जाऊ देते, आणि सह्या होण्याआधी त्यांनी त्यांतला एक खोडायचा.